निरीक्षणाशिवाय नकार

सरांनी माझं पत्र परत पाठवलं. त्यावर लाल शाईत एकच ओळ होती : ‘निष्कर्ष आहे. निरीक्षणं कुठं आहेत?’

दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि आमच्या कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं. मुरगूडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात मी मुख्य रसायनतज्ज्ञ आहे. हंगामात कॉलनीतल्या क्वार्टरवर राहते आणि कोल्हापूरचं घर कुलपात असतं. अशात कॉलेजचं पत्र आलं. ज्या विभागात मी शिकले तिथंच डिसेंबरपासूनच्या सत्रात साखर तंत्रज्ञानाचा नवा सर्टिफिकेट कोर्स सुरू होणार होता. त्यासाठी मी अभ्यागत अध्यापक म्हणून आठवड्याला दोन तास आणि एक प्रात्यक्षिक घ्यावं, पंधरा दिवसांत लेखी कळवावं. खाली विभागप्रमुखांची सही, म्हणजे माझ्याच सरांची. सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तू सुरू करावंस अशी इच्छा आहे.’

सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. या कोर्ससाठी ते दोन वर्षं प्राचार्यांच्या मागे लागले होते, हे मला माहीत होतं. माझी पहिली नोकरीही त्यांच्याच शिफारशीची. तेव्हा प्रयोगशाळेत बाई नको म्हणणाऱ्या कारखान्याला त्यांनी सांगितलं होतं की हिच्या जर्नलमध्ये खाडाखोड सापडली तर मला कळवा.

तरीही डिसेंबर ते एप्रिल म्हणजे ऐन गाळप. जमणार नव्हतं. मी दोन ओळी टाइप केल्या : ‘सध्याच्या नोकरीतील जबाबदाऱ्यांमुळे सदर नियुक्ती स्वीकारणे शक्य नाही. कळावे.’ ईमेल गेला आणि मी रसाच्या नमुन्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो आला. सरांनी ईमेल छापून तपासला होता. सर जर्नल तपासत तेव्हाही तसंच करत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, आकडेमोड आणि शेवटी निष्कर्ष. निरीक्षणाची पाटी कोरी ठेवून कुणी उत्तर बरोबर लिहिलं तरी सही मिळायची नाही. वही टेबलावरून सरळ परत सरकायची.

माझ्या हाताखालच्या केमिस्टनं खांद्यावरून फोटो वाचला. “मॅडम, नापास झालासा की.”

“तुम्ही बगॅसचा नमुना बघा,” उसाच्या चिपाडाकडं बोट दाखवत मी म्हणाले.

रागावले होते, खोटं कशाला सांगू. पण सर म्हणत होते ते खरं होतं. ‘जबाबदाऱ्या’ हा शब्द मी लपायला वापरला होता. मग दुपारी नमुन्यांच्या मधल्या वेळात कागद घेऊन मी खरंच निरीक्षणं लिहायला बसले. एक : दर दोन तासांनी रसाची तपासणी, तिन्ही पाळ्या. दोन : सकाळी आठला साखर उताऱ्याचा अहवाल कार्यकारी संचालकांच्या टेबलावर, माझ्या सहीनं. तीन : एक केमिस्ट बाळंतपणाच्या रजेवर, एक जागा रिकामी. चार : कोल्हापूरला जाऊन येण्यात आणि शिकवण्यात अर्धा दिवस जातो. पाच : बाहेर शिकवायला कारखान्याची लेखी परवानगी लागते आणि हंगामात ती मी स्वतःच मागणार नाही.

मग वर्षाचे उरलेले महिने लिहिले. जुलैत यंत्रं उघडून पडलेली असतात, प्रयोगशाळेत काम थोडं. ऑगस्टपासून आम्ही शेतांतून उसाचे नमुने आणतो, कुठला प्लॉट कधी पिकतो ते बघायला. इथं माझं पेन थांबलं. सरांनी कोर्स हिवाळ्यात ठेवला होता, कारण ऊस तेव्हा असतो. पण हिवाळ्यात पोरांना पिकलेला ऊस मिळाला असता, पिकताना दिसला नसता. जुलै ते ऑक्टोबरात त्यांना महिन्यामहिन्याला साखर चढताना मोजता आली असती. शेवटी ओळ टाकली : डिसेंबरला जमणार नाही, नंतरच्या सत्रात घेईन.

त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या कमी पडल्या, ऊस आला नाही आणि गाळप एक दिवस थांबलं. नकार फोनवर देण्यासारखा राहिला नव्हता. मी गाडी काढली आणि मंगळवार पेठेत सरांच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार काकूंनी उघडलं. “नाही म्हणायला आलीस व्हय?”

“हो.”

“मग आधी चहा घे. नाही म्हणून झाल्यावर हे चहाचं विसरतील.”

सरांनी कागद घेतला, चष्मा बदलला आणि लाल पेन शोधलं. पहिली पाच निरीक्षणं मान हलवत वाचली. जुलैच्या ओळीशी थांबले.

“जुलैत उसात काय असतंय? पाणी.”

“तेच मोजू दे की त्यांना, सर. पुन्हा सप्टेंबरात मोजतील, ऑक्टोबरात मोजतील. माझे नमुने त्या वेळी येतातच.”

“प्राचार्यांना डिसेंबर सांगून बसलोय मी.”

“हंगामातल्या बाईला विचारायच्या आधी सांगितलंत. ते निरीक्षणही राहिलंच.”

काकू आतून हसल्या. सर हसले नाहीत. कागदाची घडी घालून पुन्हा उघडली.

“जुलैत मी नसणार,” ते म्हणाले.

मला ते ठाऊक होतं. कॉलनीतून निघाल्यापासून तेवढंच डोक्यात होतं. मी म्हणाले, “तुमची निवृत्ती मला पुढं ढकलता येत नाही, सर. आणि गाळपही.”

“नसणार म्हंजे?” काकू कप घेऊन आल्या. “इथंच असणार की, माझ्या डोक्यावर. जाताय कुठं?”

सरांनी चहा घेतला. मग पेनाचं टोपण काढलं. आता सही करतील असं वाटलं, तर त्यांनी माझ्या शेवटच्या ओळीतल्या ‘नंतरच्या सत्रात’ या शब्दांखाली रेघ मारली. “नंतर म्हणजे कधी? आकडा नसलेलं वाचन मी धरत नाही.”

मी त्यांच्याच पेनानं लिहिलं : जुलै ते ऑक्टोबर, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. कारखान्याची लेखी परवानगी मार्चअखेर सादर करीन. मग त्यांनी कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून सही केली. कागद प्राचार्यांपुढे जाणार होता, तरी शाई लालच.

गाडीपर्यंत ते सोडायला आले. “बेणं मिळेल का तुझ्याकडं? दहा-बारा कांड्या. मागच्या भिंतीकडं जागा हाय.”

“लावायला?”

“मग काय खायला?”

जानेवारीत मी बेणं पाठवलं. मार्चमध्ये परवानगी मिळाली. प्राचार्यांनी कोर्स जुलैवर घेतला, फारसं न विचारता. सरांच्या निरोप समारंभाला मी अर्धा तास गेले. भाषणं लांबली म्हणून आधी निघाले आणि त्यांनी ते पाहिलं.

जुलैच्या पहिल्या मंगळवारी विभागात पोहोचले तेव्हा प्रात्यक्षिकाच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ऊस होते. बोटाएवढे बारीक, वरचं वाढं नीट कापलेलं. शिपाई म्हणाला, सर सकाळी ठेवून गेले, थांबले नाहीत. पोरांनी रस काढला, रसाची गोडी म्हणजे ब्रिक्स दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला, आणि एकानं वाचायच्या आधीच आकडा वहीत लिहून टाकला. त्याची वही मी परत सरकवली.

तास संपता संपता फोन आला.

“ब्रिक्स किती?”

“नऊ.”

“कमी हाय.”

“जुलै आहे, सर.”

“बरं,” ते म्हणाले. “ऑगस्टचे कधी आणून देऊ?”