जोगळेकरांचं वडिवळ्यातलं भात

तळेगावच्या एमआयडीसीत दूध काढायच्या यंत्रांना लागणाऱ्या रबरी नळ्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथले एक्स्पोर्ट मॅनेजर श्रीपाद जोगळेकर यांच्या फ्रेंच पत्रांना फ्रान्समध्ये फार मान होता. जोगळेकरांना फ्रेंच येत नव्हतं.

ती पत्रं प्रेरणा लालगुडे लिहायची. ती कामशेतजवळच्या वडिवळ्याची, भातशेतीवाल्या घरातली. कॉलेजात असताना रोज पुण्याला जाऊन ती फ्रेंच शिकली. का शिकली, हे गावात कुणाला पटेल असं तिला अजून सांगता आलेलं नाही. कारखान्यात तिचा हुद्दा ऑफिस असिस्टंट. नऊ वर्षांपूर्वी जोगळेकर तिला म्हणाले होते, "गिऱ्हाइकांना माझं नाव माहीत आहे. सध्या माझ्याच नावाने जाऊ दे, पुढे बघू." पुढे बघायचं राहून गेलं.

भाताचं सुरू झालं ते एका जुलैत. रस्त्यावर पाणी आलं आणि माल चार दिवस उशिरा निघाला. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या कंपनीत खरेदी बघणाऱ्या बाई, मादाम पेरँ, यांनी रीत म्हणून पावसाची चौकशी केली. प्रेरणाने जोगळेकरांच्या नावाने उत्तर लिहिलं, की पाऊस चांगला आहे, आमच्या खाचरांत आवणी चालू आहे, रोपं लावून सगळ्यांच्या कमरा मोडल्यात. बाईंना ते आवडलं. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी दोन ओळी शेताच्या. अशा रीतीने नऊ वर्षांत जोगळेकरांना फ्रान्समध्ये दीड एकर इंद्रायणी भात, गुडघे दुखणारे एक वडील आणि एक म्हैस झाली. तळेगावचे जोगळेकर स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर राहत आणि तांदूळ दुकानातून आणत.

प्रेरणाच्या वडिलांना, अंबाजींना, हे सगळं माहीत होतं. ते अधूनमधून विचारायचे, "माजं भात त्या जोगळेकराच्या नावावर कसं गं चढलं? सातबाऱ्यावर तर मीच हाय."

"असू दे आबा, कागदावरचंच आहे."

"कागदावरचंच तर सगळं असतंय."

यंदा नोव्हेंबरअखेर जोगळेकर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी पुण्याहून श्रीयश कर्णिक आला. तीन आठवडे आधी गिऱ्हाइकांना कळवायचं ठरलं, आणि श्रीयशने इंग्रजीत मसुदा दिला. सुरुवात पेरँबाईंच्या पहिल्या नावाने, मग अतिशय आनंद होत असल्याचं तीनदा.

"हे असं चालत नाही," प्रेरणा म्हणाली. "तिकडे आधी नुसतं 'मादाम' लिहायचं. जाणाऱ्याने का सोडलं त्याचं पुराण नको. ते कोणत्या तारखेपर्यंत आहेत, त्यानंतर कोण, त्यांचा फोन, मेल. चालू ऑर्डरींना धक्का लागणार नाही हे सांगायचं. दोघांनी मिळून एकदा बोलायची तयारी दाखवायची. आणि शेवटी आमच्या आदरभावनांचा स्वीकार करावा अशी विनंती."

"एवढं? बरं, एवढं पत्र करा," श्रीयश म्हणाला. "पुढची मीच टाकत जाईन. आता मशीन करतं ना भाषांतर."

तो वाईट माणूस नव्हता. पण प्रेरणाच्या लक्षात आलं, सर गेले की तिने नऊ वर्षं काय केलं, हे सांगायला कुणी उरणार नव्हतं. ती जोगळेकरांकडे गेली.

"सर, या पत्रात एक ओळ घालू का? की पत्रव्यवहार मी बघते. नाव फक्त."

जोगळेकरांनी चष्मा वर केला. "आता जाता जाता कशाला घोळ? त्यांना वाटेल, इतकी वर्षं फसवलं."

ते खरंच होतं. तिने जोगळेकरांच्या नावाने जोगळेकरांचं जाणं कळवलं, जेमतेम ओळख झालेल्या श्रीयशच्या अनुभवाची हमी दिली, आणि सवयीने शेवटी लिहिलं की भात कापणीला आलंय. तिचं ते सगळ्यांत चांगलं पत्र होतं. तिला ते वाचून रडू आलं आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी मादाम पेरँचं उत्तर आलं. कर्णिकांचं स्वागत आहे, गुरुवारी तिघांनी बोलावं, आणि जोगळेकरांना एक खाजगी प्रश्न विचारायचा आहे.

गुरुवारी मीटिंगच्या खोलीत लॅपटॉपसमोर जोगळेकर आणि श्रीयश बसले. प्रेरणा कॅमेऱ्याबाहेर, कर्णिकांसाठीची दुभाषी म्हणून; आजवर सगळं पत्रांवरच चाललं होतं. बाईंनी आभार मानले, श्रीयशची ओळख झाली, जानेवारीच्या ऑर्डरचं ठरलं. मग बाईंनी एक जाड फाइल उघडून दाखवली. त्यात छापून ठेवलेली पत्रं होती.

त्या बोलल्या तसं प्रेरणाने सपाट आवाजात मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, त्यांचे वडील शेतकरी होते. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. तुमच्या पत्रांतलं शेताचं त्या त्यांना वाचून दाखवायच्या. त्या विचारतात, कापणी झाली का? आणि म्हैस कशी आहे?"

"कोणती म्हैस?" जोगळेकर म्हणाले.

श्रीयशने मान वर केली. प्रेरणा हळूच म्हणाली, "सर, 'बरी आहे' म्हणा. पुढचं मी सांभाळते."

जोगळेकरांनी त्या फाइलीकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही. सांग त्यांना, मला म्हैस नाही. शेत नाही. मला फ्रेंचही येत नाही. नऊ वर्षं सगळी पत्रं प्रेरणा लालगुडेने लिहिली, ती इथे बाजूला बसलीय. शेत तिचं आहे. आणि सांग, हे मी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. आळस केला."

समोरच्याचा एक शब्दही गाळायचा नाही, हा प्रेरणाचा नऊ वर्षांचा नेम. याही वेळी तिने तो पाळला. "मिस्टर जोगळेकर म्हणतात, त्यांना म्हैस नाही." मग शेत, मग भाषा. स्वतःचं नाव तिने तिऱ्हाइताचं घ्यावं तसं घेतलं, आणि आळससुद्धा तंतोतंत पोचवला.

पलीकडे बाईंनी फाइल मिटली. बाई काहीतरी म्हणाल्या आणि प्रेरणा ते मराठीत सांगेना.

"काय म्हणाल्या?" श्रीयशने विचारलं.

"कॅमेरा माझ्याकडे वळवा म्हणतात."

श्रीयशने लॅपटॉप वळवला. मादाम पेरँनी तिच्याकडे नीट पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बोंजूर, मादाम," त्या म्हणाल्या. "म्हैस कशी आहे?"

"गाभण आहे," प्रेरणाने फ्रेंचमध्ये सांगितलं. दूध काढायच्या यंत्रांचा धंदा करणाऱ्या बाईंना त्यातलं सगळं समजलं. त्यांनी किती महिने झाले ते विचारलं.

बोलणं संपल्यावर श्रीयश म्हणाला, "ते पत्र दुरुस्त करून परत पाठवावं लागेल. खात्याची जबाबदारी माझी, पण एक डिसेंबरपासून त्यांनी लिहायचं ते तुम्हाला. तुमचा फोन, तुमचा मेल टाका."

"आणि मशीन?"

"मशीनला मी म्हशीचं काय सांगणार?"

"सहीही तूच कर," जोगळेकर म्हणाले.

तिने पत्र नव्याने लिहिलं. तारखा, नावं, चालू ऑर्डरी. आदरभावनांचा स्वीकार करण्याची विनंती झाली आणि खाली बोटांनी सवयीने 'श्रीपाद जोगळेकर' टाइप केलं. ते तिने एकेक अक्षर खोडलं आणि स्वतःचं नाव घातलं. ते तिला जरा आखूड वाटलं.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा अंबाजी गोठ्यात वैरण टाकत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"म्हंजी मंग, तितल्या कागदावर नाव चढलं?"

"चढलं, आबा."

"माजं?"

"माझं."

अंबाजींनी थोडा विचार केला. "मंग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि उपरण्याने तिचे डोळे पुसले.