एकोणीस पॉइंट आठ

घड्याळवाले भाऊ म्हणजे लालबुंद चेहरा, डोळ्याला भिंग आणि वागण्यात उसंत नाही. गल्लीतली पोरं त्यांना टोमॅटो म्हणायची. भाऊंना त्याचा राग यायचा नाही, उलट तब्येत ठणठणीत असल्याची ती पावतीच वाटायची. आणि का वाटू नये? दर तीन महिन्यांनी माणूस रक्त देऊन येत होता, तेही सहजासहजी न मिळणाऱ्या गटाचं.

ब्लड बँकेत टेक्निशियन होते नाना, भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. बोटाला टोचून काढलेला थेंब ते मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचे. थेंब तरंगला की माणूस परत, बुडाला की खुर्चीत. भाऊंचा थेंब धाडकन तळाला जायचा आणि नाना कौतुकानं म्हणायचे, फर्स्टक्लास! आता त्या निळ्या पाण्याला रक्त पुरेसं आहे की नाही एवढंच कळतं, गरजेपेक्षा किती जास्त आहे ते कळत नाही. पण फर्स्टक्लास म्हटल्यावर कोण विचारायला जातो?

मग बायकोच्या आजारपणात भाऊंचं रक्त देणं वर्षभर राहून गेलं. त्याच वर्षी गरम पाण्यानं आंघोळ केली की अंगाला नुसती खाज सुटायला लागली. बायकोनं तीनदा साबण बदलला. डोकं सतत जड. असेल दगदगीचं, म्हणून दोघांनी सोडून दिलं. तेवढ्यात नानांचा फोन आला, ऑपरेशन अडलंय, तुझंच रक्त पाहिजे. भाऊ जेवणावरून उठून गेले.

त्यानंतर पुन्हा रक्त देणं झालंच नाही. दहा महिन्यांनी, दुकानात बायकांच्या एका बारीक घड्याळाची केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरली असताना, भाऊंच्या उजव्या डोळ्याला अर्धी तबकडी दिसेनाशी झाली. भिंग पुसलं, डोळा चोळला, तरी तेच. डोळ्यातली शीर रक्ताच्या गुठळीनं बंद पडली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तडक रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सतराच्या आत हवं ते हिमोग्लोबिन वीसच्या वर, प्लेटलेट सात लाख, पांढऱ्या पेशीही वाढलेल्या, पोटात प्लीहा सुजलेली. जॅक टू नावाच्या जनुकाची तपासणी झाली, त्यात बिघाड निघाला.

बाईंनी नीट समजावलं. हा बिघाड आईबापांकडून आलेला नाही, हाडांच्या मज्जेत नंतर कधीतरी झालाय. पेशी बनवायचं बटण चालूच राहिलंय. रक्त दाट होतं, गुठळी होते. आज डोळ्यात झाली, उद्या मेंदूत किंवा हृदयात होऊ शकते. आजार मुळातून जात नाही, पण आवरता येतो. रक्त काढून लाल पेशींचं प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली ठेवायचं, रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी, आणि एकदा गुठळी झालीये म्हणून पेशी कमी करणारी दुसरी गोळीही. इतकी वर्षं रक्त देत होतात म्हणून हे झाकलं गेलं असेल, असंही त्या म्हणाल्या. मग विचारलं, जुने आकडे कुठे मिळतील का?

आकडे नानांकडे असणारच, म्हणून भाऊ भरवशानं ब्लड बँकेत गेले. नाना जेवायला गेले होते. काउंटरवरच्या नव्या मुलीनं शेवटच्या वेळचं रजिस्टर उघडलं. त्या दिवशी कधी नव्हे ते हिमोग्लोबिन मशीनवर मोजलं होतं. मशीनची चिठ्ठी पानाला टाचलेली होती: एकोणीस पॉइंट आठ. आणि रकान्यात नानांच्या गोलगोल अक्षरात: सोळा.

भाऊंनी डाव्या डोळ्यानं पुन्हा वाचलं. शत्रूनं केलं असतं तर शिव्या घालून मोकळे झाले असते.

नाना आले आणि त्यांनी पान बघितलं. खरा आकडा लिहिला असता तर डॉक्टरांनी तुला थांबवलं असतं, तिकडे टेबलावर पेशंट होता, असं काहीबाही सांगू लागले. भाऊंनी मध्येच तोडलं.

"त्या दिवसाचं सोड. त्यानंतर दहा महिने होते ना तुझ्याकडे? दर रविवारी माझ्या घरी चहा पीत होतास."

"सांगणार होतो रे," नाना म्हणाले. "मग खोटं लिहिल्याचंही सांगावं लागलं असतं."

पुढच्या आठवड्यात रक्त काढायला बाईंनी पाठवलं ते त्याच ब्लड बँकेत, त्याच खुर्चीत. नाना सुई घेऊन पुढे झाले. भाऊंनी हात मागे घेतला आणि त्या मुलीला बोलावलं. तिची सुई दोनदा चुकली. भाऊंनी तरी हात तिच्याचपुढे धरला. रक्त काळपट, संथ, पिशवी भरता भरेना.

भरल्यावर नानांनी ती उचलली आणि तीस वर्षांच्या सवयीनं फ्रिजकडे वळले.

"नाना, तिकडे नाही," भाऊ म्हणाले. "ते आता कुणाच्या कामाचं नाही. कचऱ्यात टाक. माझ्यासमोर टाक."

नानांनी पिशवी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. भाऊंनी बाही खाली केली आणि पुढची तारीख त्या मुलीकडून लिहून घेतली.