सोमवार, बुधवार, शुक्रवार

मलेशियातल्या पिनांगच्या चिप कारखान्यातली नोकरी तेक बेंगने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सोडली. वीस वर्षं त्याने जुनी गाडी चालवली, निम्मा पगार गुंतवला. भविष्य निर्वाह निधीला पंचावन्नपर्यंत हात लावता येणार नव्हता, म्हणून तोवरची सोयही वेगळी करून ठेवली होती. दोन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत आणि बाकीची रक्कम फंडांत होती. हिशेब चोख होता.

पहिले काही महिने मजेत गेले. तो भरपूर झोपला, गळ टाकून मासे धरले. मग तो फंडांचे भाव दिवसातून दहादा बघू लागला. बायको स्यू न्गोह शाळेतून दमून आली, की भांडी कशी लावावीत हे तिला सांगू लागला.

"हे स्वयंपाकघर आहे, तुझा कारखाना नाही," ती शांतपणे म्हणाली. "बाहेर कुठेतरी जात जा."

एका बुधवारी इमारतीच्या फाटकाशी तळमजल्यावरच्या रोकियामावशी ताटकळत उभ्या दिसल्या. मूत्रपिंडं निकामी झाल्याने त्यांना डायलिसिस लागायचं आणि ठरलेली टॅक्सी आलीच नव्हती. बेंगने त्यांना गाडीत घेतलं. चार तासांनी आणायला गेला, तर मावशी पांढऱ्याफटक पडलेल्या. त्याने आधाराला त्यांचा डावा हात धरला.

"तो नको रे बाबा. सुया त्यातच टोचतात. उजवा धर."

घराशी उतरताना त्यांनी विचारलं, "शुक्रवारी मोकळा आहेस?"

बेंग घुटमळला. वेळेला बांधून घ्यायचं नाही, म्हणून तर नोकरी सोडली होती. तरी तो हो म्हणाला. मग सोमवारीही गेला.

हळूहळू तो शिकला. दोन खेपांच्या मध्ये अंगात पाणी साठतं, म्हणून मावशींना पाणी मोजून प्यावं लागतं. परतताना चक्कर येते, म्हणून गतिरोधकावर गाडी अलगद न्यायची. डायलिसिस केंद्रातल्या आणखी दोघांनाही तो ने-आण करताना घरी सोडू लागला.

वर्षभराने जुन्या साहेबाने सल्लागाराचं काम देऊ केलं. पैसे भरपूर होते, पण रोज हजर राहावं लागणार होतं. बेंगने रात्रभर विचार केला. जास्तीच्या पैशांनी काय आणायचं, ते काही सुचेना. सोमवारी मावशींना कोण नेणार, हा प्रश्न मात्र लगेच पडला. त्याने नकार कळवला.

त्या महिनाअखेरीस मावशींनी पेट्रोलचे पैसे पुढे केले. त्याने ते परत सारले.

"मग मी टॅक्सीनेच जाते," मावशी म्हणाल्या. "फुकटचं घेऊन मला झोप लागत नाही."

त्या खरंच दुखावल्या होत्या. देणारे आपण एकटेच, असं धरून चाललो होतो, हे बेंगला तेव्हा उमगलं.

"पैसे नकोत. जेवायला घाला," तो म्हणाला.

तेव्हापासून शुक्रवारी मावशींची सून डबा देते: भात, तळलेला बांगडा आणि सांबल, म्हणजे मिरचीची झणझणीत चटणी. स्यू न्गोह तिखटाने नाक पुसत जेवते. शाळेत कोणी विचारलं, "नवरा हल्ली काय करतो?" तर सांगते, "पेशंटची ने-आण करतो. घरी आला की भांड्यांबद्दल बोलत नाही, देवाची कृपा."