आबांच्या मनातली राजवट

गेवराईच्या ज्युनियर कॉलेजात पंचशीला मॅडम राज्यशास्त्र शिकवायच्या. त्यांना चुकीचा शब्द सहन व्हायचा नाही. भाकरीत खडा लागावा तसं त्यांचं तोंड व्हायचं. पोरं मागून हसायची, पण मॅडमच्या तासाला दांडी कुणी मारायचं नाही.

त्या दिवशी अकरावीचे पेपर वाटून झाले होते. सगळ्या वर्गानं एकच घोटाळा केलेला. राष्ट्र, राज्य, सरकार, राजवट, चारही शब्द पोरांनी एकाच पिशवीत कोंबले होते.

"स्वप्ना, ऊठ. तू लिहिलंयस, निवडणूक झाली की राज्य बदलतं. बदलतं का?"

"बदलतं की मॅडम. मंत्री नवे येतात."

"मंत्री म्हणजे सरकार. म्हणजे आज कारभार ज्यांच्या हातात आहे ती माणसं. तुझा जातीचा दाखला कधीचा?"

"सातवीतला."

"त्यानंतर सरकार बदललं. दाखला रद्द झाला?"

"न्हाई."

"का नाही? कारण तहसील तेच, कोर्ट तेच, कायदा तोच. भूमी, लोक, सरकार आणि सार्वभौम सत्ता, हे चारही मिळून राज्य होतं. सरकार हा त्यातला एक भाग. भाडेकरू बदलला म्हणून घर पडत नाही. आणि महाराष्ट्राला आपण राज्य म्हणतो ते घटकराज्य. इथं राज्य म्हणजे भारतासारखं, सार्वभौम."

"मग राजवट?" मागून मुंजाजीनं विचारलं.

"सत्ता कुणी, कोणत्या नियमानं मिळवायची आणि कशी चालवायची, ती रीत म्हणजे राजवट. नेपाळात राजा होता. राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. राजवट बदलली, नेपाळ हे राज्य राहिलं. त्यानंतर तिथं किती सरकारं आली न् गेली, पण राजवट प्रजासत्ताकाचीच. आपल्या इकडं निजामाचं मात्र दोन्ही गेलं. अठ्ठेचाळीसला राजवट संपली, आणि संस्थान भारतात आलं."

"आणि राष्ट्र?"

"राष्ट्र मनात असतं. आपण सगळे एक, असं ज्यांना वाटतं ते लोक. कुर्द लोक बघा. तुर्कस्थान, इराण, इराक, सिरिया, चार देशांत विखुरलेत. राष्ट्र म्हणवतात, पण स्वतःचं राज्य नाही."

"मॅडम, म्हंजे आमच्या वर्गासारखं," मुंजाजी म्हणाला, "एकी लई, पण सत्ता तुमच्याकडं."

वर्ग खदखदून हसला. मॅडमही हसल्या. तेवढ्यात फोन वाजला. चकलांब्याहून धाकट्या भावाचा, पप्पूचा होता.

"ताई, लगीच ये. आबाला दम लागलाय. ॲम्ब्युलन्स आलीय, पण म्हातारं बसंना. गोठ्यात जाऊन लपलंय."

आबा म्हणजे त्यांचे वडील, शहादेव. पंच्याऐंशीच्या घरातले. वर्षभरापासून आठवणींचा ताळमेळ सुटला होता. नातवाला भाऊ म्हणायचे, बायकोला आई म्हणायचे. संध्याकाळी बुद्धवंदनेला बसले की शब्द मात्र बरोबर यायचे, म्हणून पंचशीलाबाईंना वाटायचं, आत कुठंतरी आबा शाबूत आहेत.

त्या पोचल्या तेव्हा अंगणात गाडी उभी होती. आबा कडब्याच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ काळेनिळे पडलेले. समोर ॲम्ब्युलन्सचे गणवेशातले दोघं.

"कधीपासून असं?" त्यांनी आईला विचारलं.

"गाडी आली तवापसून," जाईबाई डोळे पुसत म्हणाल्या. "शिपाई आले, शिपाई आले, करत्यात. त्यांच्या बापाला असंच न्हेलतं बाई, निजामाच्या येळंला. येठबिगारीला, फुकट राबायला. साहेबाचं सामान डोक्यावर दिलं, उपाशी हाकलला. परत आला तो खाटंवर, मरायलाच. ह्यांनी बारकं असताना डोळ्यानं बघितलंय."

पंचशीलाबाई जवळ जाऊन बसल्या. शिकवायची सवय जिभेला होतीच.

"आबा, निजामाची राजवट कधीच संपली. आता कुणी कुणाला वेठीला धरत नाही. कायदा आहे."

आबांनी मान तिरकी करून पाहिलं. "संपली?"

"संपली."

"मंग हे कुणाचे?"

"सरकारचे, आबा. दवाखान्याचे."

शब्द बरोबर होता. पण तो ऐकला मात्र आणि आबा मागं सरकत गव्हाणीला टेकले. त्यांच्या लहानपणी चावडीवर जे बसायचं ते सरकार, वेठीला हाक यायची ती सरकारची, चाबूक सरकारचा. त्यांच्या लेखी हे सगळं एकच होतं. त्यांनी गव्हाणीचा लाकडी खांब दोन्ही हातांनी असा धरला की बोटं पांढरी पडली.

"सरकार आलं! मी न्हाई यायचा! बा, दार लाव!"

पंचशीलाबाई समजावत राहिल्या. राजवट वेगळी आबा, सरकार वेगळं. आबांचा श्वास आखूड होत गेला.

"पुरं कर तुजं शिकवणं!" पप्पू ओरडला. "हे काय तुज्या वर्गातलं पोरगं हाय का? मी उचलून घालतो."

"ओढायचं न्हाई!" जाईबाई मधे पडल्या. "त्यांच्या बापाला बी ओढूनच न्हेलतं."

गणवेशातल्यांपैकी एकाचं नाव सोमनाथ. त्यानं सदरा काढून गाडीत ठेवला. बनियनवर येऊन आबांपासून हातभर लांब मातीत मांडी घालून बसला.

"कुठला रं तू?" आबांनी विचारलं.

"घाटनांदूरकडचा. मेंढरावाल्याचा."

"मेंढरं कुठंयत?"

"चुकली की. बाप मारंल मला. येता का हुडकायला? गाडीतनं जाऊ."

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग खांबावरचा एक हात सुटला, मग दुसरा. "चल," म्हणाले, "पोराला मार बसाय नको." सोमनाथनं त्यांना लेकरासारखं उचललं.

गेवराईच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला, सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, वयही झालंय, अजून थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. ते साधेपणानं बोलले, पण पंचशीलाबाईंच्या काळजात ते रुतलं. गोठ्यातला तो वेळ त्यांनी शब्द नीट लावण्यात घालवला होता. बुद्धाचं नाव घेत त्या कॉटशेजारी बसून राहिल्या. मन काही शांत होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी डोळे उघडले.

"बा आला का?"

पंचशीलाबाईंच्या ओठांवर आधी खरं उत्तर आलं. तुमचे वडील जाऊन पाऊणशे वर्षं झाली, आबा. त्यांनी ते गिळलं.

"आला, आबा. सोडलं त्यांना."

"सरकारनं सोडलं?"

शब्द चुकीचा होता. जे गेलं होतं ते सरकार नव्हतं, एक अख्खी राजवट होती. पोरांच्या पेपरात त्यांनी त्याखाली लाल रेघ मारली असती.

"होय आबा. सरकारनं सोडलं. सगळ्यांना सोडलं."

"पायात काटे गेले आसतील. अनवानी हुता."

"काढले आईनं."

"जेवला का?"

"जेवतायत. भाकर न् चटणी."

"आसू दे," आबा म्हणाले. "मंग दार उघडं ठिवा." आणि त्यांनी डोळे मिटले. अंधार पडायच्या आत ते गेले.

जाईबाई बाहेर दवाखान्याच्या ओसरीवर बसल्या होत्या. लेक आल्यावर त्यांनी तोंडाकडं बघूनच ओळखलं. तिला जवळ बसवून विचारलं, "शेवटाला काय म्हणले?"

"दार उघडं ठेवा म्हणाले. त्याआधी विचारलं, बाप जेवला का."

"आन् तू काय म्हणलीस?"

पंचशीलाबाईंनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "जेवतायत म्हणाले मी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही.