मुळाशी कापलेलं हाड

जयवंताबाई नालवाडीहून रोज सावंगीच्या होस्टेलात पोळ्या लाटायला जायच्या. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. उभ्यानं काम करताना बाहेर निघालेला सांधा ठणकायचा.

डॉक्टर वर्षालीनं उभं करून एक्स-रे काढला.

"माह्या बहिणीचं तुमी केलं तसं लहान ऑपरेशन नाई होत का?"

"त्यांचं हाड थोडंच सरकलं होतं, म्हणून टोकाशी कापून भागलं. तुमचा अंगठा बेचाळीस अंश वळलाय, तळव्याच्या पहिल्या दोन हाडांमधला कोन अठरा, तो नऊच्या आत हवा. हाड मुळाशीच कापावं लागेल. बरेच आठवडे पुढच्या पायावर भार नको."

बाई भिंतीला टेकल्या. "करा. उभं राहून थकली मी."

अंगठा सरळ झाला. संध्याकाळी पाय अजून सुजतो, पण आता त्या बसून लाटतात.