अडीच पानांचा मजकूर आणि सातची शिफ्ट

अडीच पानं होती. फुलस्केप, समास न सोडता, दोन्ही बाजूंनी. आज ती वाचताना मला हसू येतं, पण लिहिताना मी दोनदा रडले होते आणि माझ्या मते ते माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं लेखन होतं.

रोह्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनी केमिस्टच्या जागेसाठी मी मुलाखत देऊन आले होते. बीएस्सी होऊन वर्ष झालं होतं. पेणला गणपतीच्या कारखान्यात आई रंगकाम करायची, तिथेच मीही सीझनला बसायचे. बाकीचे महिने अर्ज करण्यात जायचे. ही मुलाखत चांगली झाली होती. लॅबचे साहेब हसून बोलले होते, टायट्रेशन करून दाखवायला लावलं होतं, माझा आकडा बरोबर आला होता. ‘आठवड्याभरात कळवतो’ म्हणाले. दोन आठवडे झाले तरी कोणी काही कळवलं नाही.

एक स्मरणपत्र ई-मेलने पाठवायचं ठरलं. आधी मराठीत लिहायचं आणि मग त्याचं इंग्रजी करायचं ही माझी पद्धत. मराठीत एकदा लिहायला घेतलं, आणि पेनाने ऐकलंच नाही. सुरुवात ‘आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल मनापासून क्षमा मागते’ अशी होती. मग मी किती आशेने वाट बघते आहे, फोन वाजला की कशी धावते, वडील गेल्यावर आईने वर्षानुवर्षं मूर्तींच्या पितांबराला सोनेरी किनार काढून मला कसं शिकवलं, तिची पाठ कशी दुखते. ‘कदाचित मी तुमच्या अपेक्षांना उतरले नसेन’ हे तीन ठिकाणी. शेवटी ‘एक संधी, फक्त एक’. खाली सही, आणि सहीखाली परत दोन ओळी.

पत्र घेऊन मी रोह्याजवळच्या वरसेला मावशीकडे गेले. पेणमध्ये सायबर कॅफे नव्हते असं नाही. पण काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, सगळं आयुष्य रोह्याच्या कंपन्यांत गेलेलं. प्लांट ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्ट इन्चार्ज होऊन निवृत्त झाले. कंपनीतले साहेब लोक कसे विचार करतात ते त्यांना ठाऊक, असा माझा हिशोब. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

काकांनी चष्मा लावून अडीचही पानं वाचली. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मला वाटलं, लागलं वर्मी. मग पानांची घडी घालून ती गुडघ्यावर ठेवत ते म्हणाले, “चांगलं लिवलंयस. पण साहेबाला कळवायचंय काय?”

“कळवायचंय म्हणजे? वाट बघतेय हेच.”

“ते त्याला म्हायती हाय. इंटरव्ह्यू दिल्यालं प्रत्येक पोर वाट बघतंच.”

मला राग आला. माझा राग लगेच नाकावर येतो. मावशीने आतून बघितलं आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे आणून ठेवली, म्हणजे तोंड त्यात गुंतेल.

काकांनी मला लॉगबुकाची गोष्ट सांगितली. प्लांटमध्ये शिफ्ट सुटताना एका जाड वहीत लिहून ठेवायचं असतं: कुठला रिअॅक्टर किती तापमानाला आहे, कुठला पंप बंद आहे, पुढच्या पाळीवाल्याने काय करायचं. नवीन असताना काकांचं एका फिटरशी भांडण झालं. त्या दिवशी त्यांनी वहीत पानभर लिहिलं: फिटर कसा उर्मट, आपण कसे बरोबर, कुणी काय म्हटलं. आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, ‘थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवला आहे, सुरू करण्याआधी उघडावा’. पुढच्या पाळीच्या ऑपरेटरने चार ओळी वाचल्या, ‘ह्यांची भांडणं’ म्हणून वही मिटली. व्हॉल्व्ह तसाच राहिला. तापमान चढायला लागल्यावर धावपळ झाली. कुणाला इजा झाली नाही, बॅच मात्र वाया गेली.

“इन्चार्जनं मला बोलावलं,” काका म्हणाले. “वाटलं, भांडणाबद्दल विचारतील. त्यांनी इतकंच विचारलं, व्हॉल्व्ह वर का नाय लिवलास? तवा कळलं गो. भांडण माझ्यासाठी मोठं होतं, पुढच्या पाळीला त्याचं काय?”

मग त्यांनी मला अंगणात फाटकापाशी उभं केलं. शेजारची बाई तुळशीला पाणी घालत होती, ती बघायला लागली. काका म्हणाले, “मी तुझा साहेब. कंपनीची बस हॉर्न मारतेय, मला दोन मिन्टं हायत. कागद बघायचा नाय. बोल.”

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. पण काका खरोखरच घड्याळ बघत उभे होते.

“सर, मी ट्रेनी केमिस्टच्या मुलाखतीला आले होते.”

“हां. मग?”

“टायट्रेशन केलं होतं. आकडा बरोबर आला होता.”

“आठवलं. त्या दिवशी निघताना मी तुला काय विचारलं होतं?”

हा प्रश्न त्यांनी सहज टाकला होता. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला मात्र तो नेमका लागला.

कारण साहेबांनी विचारलं होतं. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, महिन्यातले दोन आठवडे ती करावी लागेल, पेणहून तुम्ही कशा पोचणार? आणि मी म्हणाले होते, ‘घरी विचारून सांगते.’

पेणहून निघणारी कुठलीच गाडी मला सातच्या ठोक्याला लॅबमध्ये पोचवणारी नव्हती. वेळापत्रक मी पुन्हा पुन्हा बघितलं होतं. वरसेला मावशी राहते हे मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. पण दोन खोल्या, त्यात मावसभाऊ, त्याची बायको, लहान मूल. तिथे जाऊन ‘मला ठेवून घे’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? ते विचारायला नको म्हणून मी अडीच पानं लिहिली होती. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या अडीच पानांत कुठेच नव्हतं. मी ते विसरले नव्हते, टाळलं होतं.

हे सगळं मी फाटकापाशी उभी राहून सांगून टाकलं. शेजारणीच्या तुळशीत एव्हाना तळं साचलं असेल.

काका काही बोलण्याआधी मावशीच दारात आली. हात पिठाचे होते.

“ऱ्हाशील की हितं. त्यात इचारायचं काय व्हतं गो?” ती म्हणाली. “माझ्या बहिणीची पोर हायस का पावणी?”

मी म्हटलं, “मावशी, जागा…”

“जागा मी बघते. तू सात वाजता तितं पोच.”

एवढं म्हणून ती भाकऱ्या थापायला आत गेली. मी आजवर अनेकांचे आभार मानले, भाषणांतही मानले. तिचे मात्र त्या दिवशी मानलेच नाहीत.

मग आम्ही ओटीवर बसून मजकूर कापला. काकांनी पेन हातात घेतलं नाही, मलाच ओळी खोडायला लावल्या. प्रत्येक ओळीला त्यांचा एकच प्रश्न: “हे वाचून साहेब काय करील?” क्षमा गेली. फोनकडे धावणं गेलं. ‘कदाचित अपेक्षांना उतरले नसेन’ ह्या तीन ओळींपाशी ते थांबले. म्हणाले, “हे त्यानं ठरवायचं. तू त्याच्या तोंडात कशाला घालतेस?” कारखान्यात सहा सीझन रंग मिसळल्याचं वाक्य ठेवावं म्हणून मी हट्ट धरला. ते मी मुलाखतीत सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सांगितलं होतं. “मग एकदा पुरे,” म्हणाले. ‘एक संधी, फक्त एक’ खोडण्याआधी मात्र मी ते दोनदा वाचलं, हे कबूल करते.

उरलं ते असं. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, मुलाखतीची तारीख आणि ‘फर्स्ट शिफ्टबाबत’ हे शब्द. खाली:

‘सर, मुलाखतीत आपण विचारलं होतं की मला फर्स्ट शिफ्टला सकाळी सात वाजता हजर राहता येईल का. हो, येईल. पुढच्या महिन्यापासून मी वरसे येथे राहणार आहे. लॅबचं काम मला आवडलं आणि ते मी चोख करीन. आपला निर्णय कृपया कळवावा. आणखी कुठले कागद हवे असल्यास लगेच आणून देईन.’

नाव आणि फोन. फोन मावशीच्या घरचा, कारण तिथे उचलायला कुणीतरी असायचंच.

मी ते मोठ्याने वाचलं. फाटकापाशी दोन मिनिटांत बोलून झालं असतं, बस चुकली नसती. गंमत म्हणजे ते वाचताना माझा आवाज बदलला. अडीच पानं वाचताना मी कोणीतरी बिचारी मुलगी होते. ह्या सहा-सात ओळींत मी सातला हजर राहणारी केमिस्ट होते. ‘कृपया’ राहू द्यावं की नाही ह्यावर आमचा थोडा वाद झाला. काका म्हणाले, “ऱ्हाऊ दे. नम्र असावं, पण रडू नये.” रोह्याच्या बाजारपेठेत जाऊन मी त्याचं इंग्रजी करून टाइप केलं आणि पाठवलं.

तिसऱ्या दिवशी वरसेला फोन आला. उचलला मावशीने, आणि तिने माझ्या वतीने दोनदा “व्हय, व्हय” म्हणून टाकलं. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, शिफ्टचं उत्तर येईना म्हणून फाइल बाजूला ठेवली होती. आता मेडिकलला पाठवा. त्या लॅबमध्ये मी पुढे बरीच वर्षं काढली, त्यातली पहिली तीन मावशीच्या घरात, बाळाच्या पाळण्याशेजारी अंथरूण घालून. आता मुलामुलींचे असे मेल माझ्याकडे येतात. लांबलचक असला तरी मी शेवटपर्यंत वाचते, एखादा व्हॉल्व्ह खाली दडलेला असतो म्हणून.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचंच. मेल पाठवून वरसेला परतले आणि पेणला निघताना मी ती खोडलेली पानं चुरगाळायला घेतली होती. काकांनी हात धरला.

“फाडू नको,” ते म्हणाले. “हे त्या साहेबाला लिवलेलंच नाय. जिला लिवलंयस तिला वाचून दाखव.”

संध्याकाळी कारखान्यात आई एका मोठ्या मूर्तीच्या पितांबराला किनार काढत होती. ती रेघ मध्ये थांबवता येत नाही, थांबली तर जोड दिसतो. मी बाजूच्या पाटावर बसले आणि वाचायला लागले. खोडलेल्या ओळीही वाचल्या. तिने मान वर केली नाही. ब्रश संथपणे मूर्तीच्या गुडघ्यावरून खाली आला, पावलापाशी पोचला, तिथे रेघ संपली. मग तिने ब्रश पाण्यात ठेवला, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाली,

“येवढं सगळं तू त्या साहेबाला देऊन टाकणार व्हतीस?”