टेस्टिंगच्या स्लाइडवरचं नाव

अजूनही कुणी गोड आवाजात म्हणालं, "तुझं स्लाइडचं काम छान असतं गं, एवढं जरा बदलून दे ना," की माझं टाळकं सटकतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. चौघांचा ग्रुप, प्रोजेक्ट द्राक्षबागेसाठी: मातीतली ओल मोजायची आणि कोरडं झालं की ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा.

कामं वाटलेली होती. प्रस्तावना आणि शेवटचा निष्कर्ष लीडरचा, सर्किट माझ्या मैत्रिणीचं, प्रोग्रॅम माझा. बागेतलं टेस्टिंग पेठ तालुक्यातून आलेल्या मुलाचं. हा पोरगा तीन आठवडे रोज एसटीने दिंडोरीच्या बागेत जाऊन चिखलात बसून रीडिंग घ्यायचा. ज्याने जे केलं ते त्यानेच बोलायचं, कारण बाहेरून येणारे परीक्षक मार्क प्रत्येकाला वेगळे देणार होते. पेठच्या या पोराला फर्स्ट क्लास हवा होता. त्याशिवाय सातपूरच्या कंपन्या दारातसुद्धा उभं करत नव्हत्या, आणि तेवढ्यासाठी त्याला याच तोंडी परीक्षेचे मार्क लागणार होते.

टेम्प्लेट मी केलं होतं. सगळ्यांना एकच फॉन्ट, वर मथळा, खाली निळी पट्टी आणि पट्टीत त्या भागाचं काम करणाऱ्याचं नाव. प्रत्येकाने आपापल्या स्लाइड फ्लॉपीवर आणून द्यायच्या, मी त्या एका फाइलमध्ये बसवायच्या. दुसऱ्याकडे सोपवताना काय म्हणायचं तेही ठरलेलं: आपल्या भागातला सुटलेला प्रश्न एका वाक्यात सांगायचा आणि पुढच्याचं नाव घ्यायचं. म्हणजे "नाऊ माय फ्रेंड विल टेल यू" असला पोरकटपणा नको.

आदल्या दुपारी लॅबमध्ये लीडर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "टेस्टिंग मी बोलतो. त्याचं इंग्लिश ऐकलंयस ना? सगळ्यांची वाट लागेल. पट्टीत माझं नाव टाक. तो माउस सांभाळेल, मी बोललोय त्याच्याशी."

काय निर्लज्ज माणूस! बागेत एकदा आला होता, तोही बूट खराब होतात म्हणून बांधावरून परत गेला. हे सगळं माझ्या मनात आलं आणि तोंडातून निघालं काय? "बरं." सहा स्लाइड होत्या. सहाही ठिकाणी मी पेठवाल्याचं नाव खोडून लीडरचं टाकलं. माझ्याच हातांनी!

परीक्षेच्या सकाळी पेठवाला इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपाशी बसला होता, एकेक स्लाइड पुढे ढकलत. माझा भाग संपला. पडद्यावर टेस्टिंगची पहिली स्लाइड आली. लीडर टाय सारखा करत पुढे सरकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "प्रोग्रॅम बरोबर होता, तरी आठवड्याभरात ओली माती कोरडी दिसायला लागली. का, ते आता..." आणि पेठवाल्याचं नाव घेतलं.

तो दचकला. लीडरने माझ्याकडे असं बघितलं की बस्स. परीक्षक चष्म्यावरून पडद्याकडे बघत म्हणाले, "पण खाली नाव वेगळं आहे."

"मी बदललं, सर. चुकीचं आहे. काम याचं आहे."

"मग याला बोलू द्या. मराठीत बोल रे."

तो उठला. सुरुवातीला अडखळला, मग सुटला. "सर, ओल मोजायला मातीत खोचलेल्या सळ्यांमधून सारखा करंट जात होता. त्याने त्या गंजल्या, मग माती ओली असली तरी कोरडी दाखवायची. मी काढून घासून पाहिल्या तर रीडिंग परत नीट. म्हणून फक्त मोजतानाच करंट सोडायचा असं केलं, तेव्हापासून नाय घसरलं." परीक्षकांनी लीडरला विचारलं, "किती वेळ सोडायचा करंट?" उत्तर पेठवाल्यानेच दिलं.

बाहेर आल्यावर लीडर माझ्यावर ओरडला, "ग्रुपचं वाटोळं केलंस!" मीही सोडलं नाही. सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला. मैत्रीण मला ओढत होती. खरं सांगते, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

पेठवाला कॅन्टीनच्या पायरीवर भेटला. बोलणं चांगलं झालंय हे त्यालाही कळलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले, म्हटलं, "बघितलंस ना, कसा तोंडावर पडला? त्याची लायकीच ती!"

तो हसला नाही. "तो तसाच हाय, मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून काल त्याने सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो. म्हटलं, फाइल तुझ्याकडे हाय, तू काय ते होऊ देणार नाय."